फेलेनियस १.१४, बिशप १.३१: धरणाचा उतार मंजूर करताना कोणता आकडा धरायचा?

सेक्शन_इंजिनिअर
लघुपाटबंधाऱ्याचं मातीचं धरण, उंची १० मीटर, सगळा भराव एकाच मातीचा. पाण्याकडचा उतार २:१ ठेवलाय आणि तलाव झटकन उतरला तर तो टिकेल का हे तपासतोय. आयएस ७८९४ प्रमाणे या स्थितीला फॅक्टर ऑफ सेफ्टी किमान १.३ लागतो. मातीची घनता १९ kN/m³, आसंजन c' १० kPa, घर्षणकोन φ' २६ अंश. पोअर प्रेशर, म्हणजे मातीतल्या पाण्याचा दाब, वरच्या मातीच्या दाबाच्या ru पट धरतो, ru ०.३. घसरणीचं वर्तुळ पायथ्यातून जातं. त्याचं केंद्र पायथ्यापासून ६ मीटर आत आणि १८ मीटर वर आहे, त्यावरच्या मातीच्या उभ्या स्लाइस सहा. फेलेनियसच्या पद्धतीने फॅक्टर १.१४ येतो, बिशपच्या पद्धतीने १.३१. माझं मत असं की बिशप जास्त बरोबर आहे, तेव्हा २:१ ठेवावा. २.५:१ केला तर मातीही वाढते आणि संपादनाची जमीनही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारण सांगावं.

जुना_पाटबंधारेवाला
मला पटत नाही. आम्ही ग्राफ पेपरवर वर्तुळं काढून, प्रत्येक स्लाइसच्या तळावरचं लंब बळ N, घसरवणारं बळ T आणि पाण्याचं बळ U मोजून ही गणितं केली. १९७५ च्या त्या मानकाची मांडणीही तशीच आहे: N मधून U वजा करायचा, घर्षण आणि आसंजन मिळवायचं, T च्या बेरजेने भागायचं. म्हणजे १.३ हा आकडा त्या मोजणीबरोबर आलेला आहे. पद्धत बदलायची, आकडा जास्त मिळवायचा आणि मर्यादा मात्र जुनीच ठेवायची, हे योग्य नाही. फेलेनियस नेहमी सुरक्षित बाजूला असतो, त्यामुळे तुमचा उतार १.१४ चा समजा. १.३१ म्हणजे ३१ टक्के जास्त वजन झेलेल असं जे तुम्ही साहेबांना सांगणार आहात, ते हातात नसलेलं बळ आहे.

मृदा_प्रयोगशाळा
दादा, मर्यादा आणि पद्धत यांची जोडी असते हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पण दोन गोष्टी दुरुस्त करते. फॅक्टर हा वजनाचा नसतो, मातीच्या ताकदीचा असतो. १.३१ चा अर्थ c' आणि tanφ' दोन्ही १.३१ ने भागले तर उतार नेमका घसरण्याच्या काठावर येईल. वजन वाढवलं तर घसरवणारं बळ वाढतं आणि तळावरचं घर्षणही वाढतं, त्यामुळे ३१ टक्के जास्त वजन असा हिशोब बसत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. फेलेनियसचा आकडा कमी येतो तो काळजीपूर्वक राखलेल्या सुरक्षिततेमुळे नव्हे. स्लाइसच्या बाजूंवरची बळं सोडून दिल्याने एक चूक होते आणि ती इथे योगायोगाने कमी बाजूला पडते. सूत्र असं:

```
F = Σ[c'l + (W cosα − u l) tanφ'] / Σ(W sinα)
```

माथ्याजवळची सहावी स्लाइस घ्या. रुंदी ३.२ मीटर, उंची २.८ मीटर, वजन सुमारे १७० kN, तळाचा कल ५५ अंशांच्या आसपास. W cosα येतो ९७. तळावरचा पाण्याचा दाब १६ kPa आणि तळाची लांबी ५.६ मीटर, म्हणजे u·l झाला ९०. उरले अवघे ७ kN. बिशपच्या समीकरणातून तीच स्लाइस सोडवली तर तळावर ९५ च्या आसपास प्रभावी बळ मिळतं. पाणी फक्त तळाला दाबत नाही, स्लाइसच्या दोन्ही बाजूंनाही दाबतं. फेलेनियस बाजूचा दाब विसरतो आणि तळाचा मात्र तिरक्या लांबीवर पुरेपूर वजा करतो.

ru ०.३ ऐवजी ०.४ धरा. त्याच स्लाइसचं प्रभावी बळ उणे २३ kN येतं. मातीचा तळ मातीला ओढून धरतोय असं हे उत्तर म्हणतं, आणि ते खरं असू शकत नाही. त्या वेळी फेलेनियसचा एकूण आकडा ०.९८ होतो, बिशपचा १.१५. दोघांत कोण बरोबर हे ठरवायला पद्धतींची नावं लागत नाहीत, ही एक स्लाइस पुरेशी आहे. φ' शून्य धरून एकूण ताणाने गणित केलं तर दोघांची उत्तरं एकच येतात, कारण मग तळावरच्या लंब बळाचा हिशोबात काही भाग उरत नाही.

जुना_पाटबंधारेवाला
स्लाइसचं उदाहरण नीट समजलं. तरी मुद्दा तोच. चुकीने का होईना, आकडा कमी येत होता आणि त्या आकड्यावर धरणं उभी राहिली. चूक काढून टाकलीत तर राखीव अंतर कुठून आणणार?

पाझर_तलाव_काठचा
माफ करा, गणित मला कळत नाही. आमच्या गावच्या पाझर तलावावर माथ्याच्या लांबीने तडा गेलाय, पाण्याकडच्या कडेपासून साधारण हातभर आत. उन्हाळ्यात मोटरी लावून पाणी उपसलं आणि त्यानंतर हे दिसलं. तुम्ही म्हणताय तो आकडा १.३ चा असता तर तडा पडला असता का?

मृदा_प्रयोगशाळा
दादा, तडा बघूनच घसरण आहे की नुसतं सुकून भेगाळणं, हे आधी ठरवावं लागतं. तड्याची दोन्ही टोकं पाण्याकडे वळलेली आहेत का, पाण्याकडची बाजू माथ्यापेक्षा खाली बसली आहे का आणि पायथ्याला माती फुगून वर आली आहे का, हे पाहा. तिन्ही असतील तर घसरण सुरू झाली आहे. तड्याच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांच्यातलं अंतर मोजत राहा. तड्यात पावसाचं पाणी जाऊ देऊ नका, ताडपत्री टाका. पाण्याचा उपसा लगेच थांबवा आणि पाटबंधारे शाखेला लेखी कळवा. उपसा हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे, कारण तलावाचं पाणी उतारावर जो आधार देत होतं तो गेला आणि मातीच्या आतलं पाणी मात्र आतच राहिलं.

या धाग्याचा खरा प्रश्नही इथेच आहे. सेक्शन इंजिनिअर, ru ०.३ कुठून आणलात? तलाव झटकन उतरला आणि माती घट्ट असली, तर उताराच्या पृष्ठभागापर्यंत माती पाण्याने भरलेली राहते. तळाच्या बिंदूवर दाब जवळजवळ वरच्या मातीच्या उंचीइतक्या पाण्याचा येतो. १९ घनतेच्या मातीत पाण्याचे ९.८१ भागिले १९, म्हणजे ru ०.५ च्या थोडा वर. ०.३ धरता याचा अर्थ बरंचसं पाणी निघून गेलंय असं तुम्ही गृहीत धरता. त्याला मुरमाचं केसिंग किंवा आत निचऱ्याचा थर असावा लागतो. तुमचा भराव एकसंध आहे असं तुम्हीच लिहिलंय. याच वर्तुळावर बिशपने ru ०.३ ला १.३१ येतो, ०.४ ला १.१५ आणि ०.५ ला जेमतेम १.०. फेलेनियस की बिशप या वादातून ०.१७ चा फरक निघतो. ru दोन पायऱ्या चुकला तर त्याच्या जवळपास दुप्पट.

सेक्शन_इंजिनिअर
०.३ तयार शीटमधून आलंय, ऑफिसमध्ये सगळीकडे तेच वापरतात. पण पूर्ण तलाव एका दिवसात उतरत नाही, कालव्याने हळूहळू उतरतो. मग ०.५ धरणं हा अतिरेक नाही का?

मृदा_प्रयोगशाळा
हळू म्हणजे किती, ते मातीची पारगम्यता ठरवते. बारीक काळ्या मातीत पाणी आठवड्यांनीही फारसं उतरत नाही. पारगम्यतेची चाचणी करा, पाझररेषा काढा आणि प्रत्येक स्लाइसच्या तळाला दाब त्या रेषेवरून घ्या. एकच ru सगळ्या स्लाइसना लावल्याने माथ्याला जास्त आणि पायथ्याला कमी दाब पडण्याची शक्यता राहते.

ट्रायॲक्सियल
पोअर प्रेशरबद्दल वरचं सगळं योग्य. माझा आक्षेप c' बद्दल आहे. १० kPa कोणत्या चाचणीतून आले? सहसा नमुने १००, २००, ३०० kPa वर तपासतात आणि सरळ रेषा मागे ओढून c' काढतात. या वर्तुळावर सर्वांत खोल स्लाइसच्या तळावरही एकूण ताण १२० kPa च्या आतच आहे आणि प्रभावी ताण त्याहून बराच कमी. तिथे प्रत्यक्ष ताकदीची रेषा वाकलेली असते, सरळ नसते. c' चा मोठा भाग आपल्या पट्टीने तयार केलेला असू शकतो. त्यात काळी माती दरवर्षी सुकते, फुगते आणि वरचे एक-दोन मीटर मऊ होतात. c' १० ऐवजी ५ धरा, बाकी सगळं तेच, ru ०.३ च. बिशप १.११ देतो. म्हणजे पद्धत बदलण्याने जितकं मिळालं, त्याहून जास्त c' च्या निम्म्या होण्याने गेलं. हे १.३१ मला त्यामुळे फार भरवशाचं वाटत नाही. शिवाय तुम्ही एकच वर्तुळ दाखवलंय. सगळी वर्तुळं तपासली तर आकडा याच्याहून कमी येईल किंवा फार तर एवढाच राहील, वाढणार नाही.

डर्बीशायरहून
मी इंग्लंडमध्ये याच कामात आहे, म्हणून कार्सिंग्टन धरणाचं सांगतो. जून १९८४ मध्ये बांधकाम संपत आलेलं असताना त्याचा पाण्याकडचा उतार बऱ्याच लांबीत घसरला. नंतरच्या अभ्यासात मातीच्या शिखर ताकदीवर केलेल्या मोजणीत फॅक्टर सुमारे १.४ येत होता. तरीही तो घसरला, कारण भरावाखाली पिवळ्या चिकणमातीचा पातळ थर होता आणि त्यात जुने घसरणीचे पृष्ठभाग आधीपासून होते. शिवाय गाभ्याचा पायथा पाण्याकडे पसरलेला असल्याने घसरण त्यातून सरकली. अशा मातीत एका ठिकाणी शिखर ताकद संपली की भार पुढच्या ठिकाणी जातो. सगळ्या तळावर एकाच क्षणी शिखर ताकद मिळते असं समजणारी स्लाइसची कोणतीही पद्धत ते दाखवू शकत नाही. बिशपनेही नाही, फेलेनियसनेही नाही.

जुना_पाटबंधारेवाला
याचा अर्थ मीच जिंकलो असं मी म्हणणार नाही. पण c' आणि ru इतके अनिश्चित असतील, तर मर्यादेवर ०.०१ ने उभा असलेला उतार पास करू नये एवढं तरी मान्य करा.

मृदा_प्रयोगशाळा
ते मी मान्य करते, दादा. पण उपाय चुकीची पद्धत परत आणणं हा नाही. पाझररेषेवरून दाब काढून, c' कमी ताणावरच्या चाचणीतून घेऊन बिशपने परत गणित करा. पाण्याकडच्या बाजूला मुरमाचा निचरा थर टाकता आला तर २:१ कदाचित वाचेल. मुरूम त्या गावात मिळतो का, ते आधी बघा.

ट्रायॲक्सियल
आणि मिळाला तरी तो निचऱ्याचा आहे का, हे चाळणी चाचणीने बघा. बारीक कण जास्त असतील तर तो मुरूम नावाचाच.

सेक्शन_इंजिनिअर
मुरूम ४ किमीवर आहे, त्याच्या चाचण्यांचा रिपोर्ट नाही. आठवड्यात नमुने पाठवतो. २.५:१ चा हिशोबही तोवर करून ठेवतो. मर्यादा १.३ च ठेवावी की या मातीसाठी वाढवावी, यावर मात्र इथे एकमत झालेलं मला दिसत नाही.

जुना_पाटबंधारेवाला
वाढवावी.

मृदा_प्रयोगशाळा
आकडा वाढवण्याआधी c' आणि ru येऊ द्या. मग बोलू.