बेदाण्याचा फोटो: एडिट केला की रंग खोटा?

तासगावकर_पॅकिंग:
फोटोग्राफरशी परवा झालेलं बोलणं जसंच्या तसं देतो.
मी: हा माझा माल नव्हे. माझा बेदाणा पिवळसर हिरवा, हा मटारासारखा दिसतोय.
तो: तुमचाच आहे. व्हाइट बॅलन्स बरोबर केला की असाच दिसतो.
मी: म्हणजे एडिट केलाय.
तो: एडिट न करता फोटो कुणी देतं का साहेब?
मी: पुण्याच्या गिऱ्हाइकाने पाकीट परत पाठवलं. फोटोतला माल द्या म्हणतो.
तो: त्यांच्या मोबाइलचा स्क्रीन बघा आधी.
माझं मत स्पष्ट आहे. एडिट केला की फोटो खोटा. विषय संपला.

विश्रामबाग_स्टुडिओ:
विषय संपला कसा? सांगलीत प्रॉडक्टचे फोटो काढून पोट भरतो म्हणून सविस्तर लिहितो, कारण हे 'एडिट म्हणजे खोटं' ऐकून कान किटले. कॅमेऱ्यातून थेट निघालेला फोटोही कॅमेऱ्यानेच एडिट केलेला असतो. प्रकाश पिवळा की निळा याचा अंदाज तोच बांधतो, रंग किती गडद करायचे तेही तोच ठरवतो. बेदाण्याच्या ढिगाने फ्रेम भरली तर 'सगळंच पिवळं आहे, म्हणजे दिवा पिवळा असणार' असं समजून तो निळसर झाक घालू शकतो. ते खरं मानणार का?

प्रश्न एडिट केला की नाही हा नाहीच. एडिटने फ्रेममधलं सगळं सारखं हललं, की फक्त माल हलला, हे बघायचं. मालाशेजारी ग्रे कार्ड ठेवून पहिला फोटो काढायचा, कार्ड राखाडी दिसेल असा व्हाइट बॅलन्स लावायचा आणि तोच आकडा बाकीच्या फोटोंना द्यायचा. यात पांढरी प्लेट, पाकीट, दाणा सगळ्यांवरची दिव्याची झाक एकदमच जाते. हे रंग बदलणं नव्हे, दिव्याचा रंग काढून टाकणं आहे. पण लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये पिवळ्याचा ह्यू स्लायडर उजवीकडे सरकवला की पिवळं तेवढं हिरवं होतं, प्लेट पांढरीच राहते. बघणाऱ्याला वाटतं प्लेट पांढरी आहे म्हणजे रंग बरोबर असणार. फसवणूक असेल तर ती इथे.

पकडायचं कसं? त्याच दिव्याखाली २४ चौकोनांचा रंगांचा चार्ट ठेवून काढलेला फोटो मागा, आणि त्यावर अगदी तुमच्या फोटोचीच एडिटिंग लावून द्या म्हणावं. राखाडी चौकोन राखाडी राहिले आणि पिवळा चौकोन पोपटी झाला, तर स्लायडर हलवलाय. चार्टचा फोटोच काढला नसेल, तर तुमचा फोटोग्राफर 'बरोबर केला' हे कशाच्या आधारावर म्हणतो ते विचारा.

मणेराजुरीचा_बागाईतदार:
आवो, फोटोचं काय घेऊन बसलाय. बेदाणाच एडिट केलेला असतोय की! हौदात डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात द्राक्ष बुडवून शेडमधी सावलीत टाकतो तवा १२–१५ दिसांत हिरवा दाणा मिळतोय. न बुडवता उन्हात टाका, महिना लागंल आन् माल तपकिरी. वर गंधकाची धुरी दिली की पिवळाधमक. गिऱ्हाइकाला 'नॅचरल कलर' पायजे म्हणं. कुठला नॅचरल?

सकाळची_ओपीडी:
हेच सांगायचं होतं. गंधकाची धुरी असेल तर पाकिटामागे २२० आकडा असतो, तो किती जण वाचतात? माझ्या दम्याच्या पेशंटना सल्फाइटचा त्रास झालेला मी पाहिलाय. फोटोच्या रंगापेक्षा हे महत्त्वाचं.

मणेराजुरीचा_बागाईतदार:
डॉक्टरसाहेब, सौद्यात पिवळ्या मालाला दर जास्त आन् काळ्याला कोण विचारीना. आमी धुरी हौसेनं देतो व्हय? तुमीच दुकानात जाऊन पिवळा निवडता. आन् सौद्यात मूठ-मूठ माल बघून खाली उधळत्यात, त्याचं बी कुणी लिव्हा की.

तासगावकर_पॅकिंग:
उधळणीचा धागा वेगळा काढा हो. आणि माझ्या मालाला गंधक नाही, हिरवाच विकतो.

मणेराजुरीचा_बागाईतदार:
समदेच असं म्हणत्यात.

तासगावकर_पॅकिंग:
तोंड सांभाळून. या गोडाऊनला, वास घेऊन बघा.

मिरजेची_वहिनी:
मला तर ऑनलाइन साडीचा अनुभव आहे. धूपछाँव रेशीम, फोटोत मोरपंखी, घरी आली तर जांभळी. दुकानदार म्हणाला उजेडात फिरवून बघा, आणि खरंच दोन्ही रंग होते. ताण्याचा एक, बाण्याचा एक. यात कुणाला खोटं म्हणायचं? तरी मी परत केलीच म्हणा.

विश्रामबाग_स्टुडिओ:
वहिनी, तुमचं उदाहरण लांबचं वाटलं तरी बेदाण्याला लागू आहे. हिरवा दाणा अर्धपारदर्शक असतो. मागून लाइट दिला की आतून उजळतो, समोरून दिला की मंद दिसतो. शेजारी द्राक्षाचं पान ठेवलं की त्याची हिरवी झाकही दाण्यावर पडते. एकही स्लायडर न हलवता माल हिरवा करून देतो मी! म्हणून 'एडिट नाही केला' ही काही खात्री नव्हे.

क्वालिटी_कुपवाड:
दोघंही एक गोष्ट विसरताय. फोटो कधी काढला? मार्च-एप्रिलमध्ये ताजा माल शेडवरून आला तेव्हा काढला असेल आणि पाकीट दिवाळीनंतर गेलं असेल, तर मधल्या काळात दाणा तपकिरीकडे जातोच, कोल्ड स्टोरेजच्या बाहेर पडून राहिला तर फारच. तेव्हा फोटो खरा होता, माल पुढे गेला. दुसरं म्हणजे माल कुठल्या उजेडात जुळवून बघितला? स्वस्त एलईडी ट्यूबमध्ये लाल कमी असतो, तपकिरी झाक तिच्याखाली दबू शकते. दुपारी खिडकीपाशी, थेट ऊन नाही अशा जागी, पांढऱ्या कागदावर दाणे ठेवून बघा. ज्या मोबाइलवर फोटो बघताय त्याचा 'व्हिव्हिड' मोड आणि रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करा.

तासगावकर_पॅकिंग:
चार्टचा फोटो मागवला. होता त्याच्याकडे, हे विशेष. पिवळा चौकोन पोपटी झालाय. फोन केला तर म्हणतो, 'तुम्हीच म्हणालात, जरा फ्रेश दिसू दे.'

विश्रामबाग_स्टुडिओ:
म्हणालात का?

तासगावकर_पॅकिंग:
फ्रेश म्हणजे स्वच्छ, चमकदार. मटार नव्हे. पण बरं, तुमचं मान्य, एडिटमध्येही प्रकार असतात. स्टुडिओवाले सगळे हरिश्चंद्र, झालं समाधान?

क्वालिटी_कुपवाड:
परत आलेल्या पाकिटातला माल फोटो काढलेल्याच लॉटचा होता का, ते अजून सांगितलं नाहीत.

तासगावकर_पॅकिंग:
फोटो पहिल्या लॉटचा. पाकीट कुठल्या लॉटचं ते बघावं लागेल. कोल्ड स्टोरेजमधून दोन-तीनदा माल काढलाय.

विश्रामबाग_स्टुडिओ:
मग पैसे मागायच्या आधी तेवढं बघा. ग्रे कार्डवर परत काढून देईल तो, पण दुसऱ्या लॉटचा रंग पहिल्या लॉटच्या फोटोत कसा बसवणार?

मणेराजुरीचा_बागाईतदार:
गोडाऊनला कदी येऊ वास घ्यायला?