पंचांच्या परीक्षेला नियमपुस्तक कसं वाचायचं? लॉ निवडून की सगळं?

रावपुरा_एंड: पंचांच्या परीक्षेला बसतोय. क्रिकेटचे ४२ लॉ, वर परिशिष्टं. नोकरी सांभाळून सगळं सारखंच वाचणं जमणार नाही. सर्वात जास्त प्रश्न कुठल्या लॉवर येतात आणि टिपणं कशी काढायची?

गुगली_बडोदा: सरळ हिशोब आहे. मिळतील तेवढे जुने पेपर जमवा आणि प्रत्येक प्रश्नापुढे लॉचा नंबर टाका. ४१ म्हणजे अनफेअर प्ले, २१ नो बॉल, १८ धावा, आणि बाद होण्याचे ३२ ते ४०. पेपराचा मोठा हिस्सा एवढ्यातच येतो. खेळपट्टी, बॅट, चेंडू वगैरे पहिले बारा लॉ शेवटच्या रात्री चाळले तरी चालतात. टिपणं लॉवार काढा, एका लॉला एक पान. मी तसंच केलं आणि लेखी निघाली.

मोतीबाग_जुना: लेखी निघाली हे चांगलंच झालं, पण तुमची यादी अर्धीच बरोबर आहे. प्रश्नापुढे एकच नंबर टाकता येतो असं तुम्ही धरून चाललात. असा प्रश्न घ्या: नो बॉल पडला, स्ट्रायकरने मारला, फलंदाजांनी एक धाव पूर्ण केली, दुसरीसाठी वळले पण अजून क्रॉस झाले नाहीत, तेवढ्यात फेकलेला चेंडू यष्टिरक्षकामागे ठेवलेल्या हेल्मेटला लागला. याच्यापुढे कुठला नंबर टाकाल? हेल्मेट २८ मध्ये आहे, नो बॉल २१ मध्ये, कोण कुठल्या टोकाला जाणार ते १८ मध्ये आणि चेंडू ओव्हरमध्ये धरायचा का ते १७ मध्ये.

उत्तर असं बांधायचं. चेंडू लागताक्षणी डेड. नो बॉलची एक, पूर्ण झालेली एक आणि पेनल्टीच्या पाच, मिळून सात. फलंदाजाच्या खात्यात एकच. दुसरी धाव मोजायची नाही, कारण लागला त्या क्षणी ते क्रॉस झाले नव्हते. म्हणून दोघं दुसऱ्या धावेसाठी ज्या टोकाहून निघाले होते तिथेच परत जातात आणि पुढचा चेंडू मघाचा नॉन-स्ट्रायकर खेळतो. आता हाच चेंडू नो बॉल नसता तर? तर तो ओव्हरमध्ये धरला गेला असता. पाच धावा दिल्या म्हणजे चेंडू परत टाकायचा असं पुष्कळ जण लिहितात, आणि परीक्षक नेमकं तेच शोधत असतो. तसं फक्त काही पेनल्टींना होतं: परवानगीशिवाय मैदानात आलेल्या खेळाडूने चेंडूला हात लावला तर, फिल्डरने टोपीबिपी वापरून चेंडू अडवला तर, किंवा फलंदाजाचं मुद्दाम लक्ष विचलित केलं तर. हेल्मेट त्या यादीत नाही.

म्हणून माझं मत: टिपणं लॉवार नकोत, प्रसंगवार हवीत. प्रत्येक प्रसंगाला पाचच रकाने: चेंडू डेड कधी, इशारा कोणता, धावा किती आणि कोणाच्या खात्यात, चेंडू ओव्हरमध्ये धरायचा का, पुढचा चेंडू कोण खेळणार. शेवटचा रकाना मुलं नेहमी रिकामा सोडतात. स्ट्रायकरकडे चेंडू पोचल्यानंतर फिल्डरने फलंदाजाला मुद्दाम अडथळा आणला किंवा फसवलं तर पुढचा चेंडू कोण खेळणार ते फलंदाजच ठरवतात, हे तर कोणाला आठवतच नाही.

सुरसागर_स्पिन: आमच्या सोसायटीच्या टेनिस बॉल लीगमध्ये नो बॉलनंतर फ्री हिटवर एक जण बोल्ड झाला आणि गल्लीतल्या पंचाने त्याला बाद दिलं. पुस्तकात फ्री हिट कुठल्या लॉमध्ये आहे? ते दाखवून त्यांचं तोंड बंद करायचंय.

मोतीबाग_जुना: कुठेच नाही हो. फ्री हिट हा सामन्याच्या प्लेइंग कंडिशन्समधला भाग आहे, लॉमध्ये तो शब्दही नाही. तुमच्या लीगच्या छापील नियमांत असेल तर भांडा, नसेल तर बोल्ड म्हणजे बोल्ड.

हा सापळा परीक्षेतही आहेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्लीत अँजेलो मॅथ्यूज टाइम्ड आउट झाला तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात दोन मिनिटं बसलीत. ती त्या स्पर्धेची मर्यादा होती. लॉ ४० मध्ये तीन मिनिटं आहेत. प्रश्न लॉवर असेल आणि तुम्ही टीव्ही आठवून लिहिलंत तर गुण गेले.

गुगली_बडोदा: काका, तुमचे प्रसंग संपणार कधी? पन्नास केलेत तरी एक्कावन्नावा येतोच. नोकरीवाल्याला हे परवडत नाही. आणि लॉचा नंबर लिहिला की परीक्षकावर छाप पडते. तुमच्या रकान्यांत नंबरच नाहीत.

मांडवी_लेगबाय: मी दोघांच्या मधली. नंबर पाठ करून मी फसले होते. २०२२ ची आवृत्ती आली आणि गोलंदाजाने नॉन-स्ट्रायकरला धावबाद करण्याचा भाग ४१ मधून उचलून ३८ मध्ये टाकला. माझी टिपणं जुन्या पुस्तकावरची, त्यामुळे नंबर चुकला. त्याहून वाईट म्हणजे झेल बादनंतरचा नियमही बदलला होता: फलंदाज क्रॉस झालेले असले तरी ओव्हर संपली नसेल तर नवा माणूसच पुढचा चेंडू खेळतो. माझ्या टिपणात अजून जुनंच लिहिलेलं. त्यामुळे आधी आवृत्ती बघा. एमसीसीच्या संकेतस्थळावर चालू पुस्तक फुकट मिळतं.

पण पहिले बारा लॉ शेवटच्या रात्री, हे गुगलीचं मला पटतं. बॅटची रुंदी, चेंडूचं वजन ही पाठांतराची कामं आहेत, समजून घेण्यासारखं तिथे फार नाही.

मोतीबाग_जुना: वजनाचं ठीक. पण पहिल्या बारांत लॉ २ पण येतो, पंचांचा. उजेड आणि ओलं मैदान तिथेच आहे. शिवाय परिशिष्ट अ मधल्या व्याख्या सोडू नका, अर्धे वाद तिथे मिटतात.

२०२२ च्या बीसीसीआयच्या परीक्षेच्या बातम्या आठवत असतील: १४० जण बसले आणि तिघं पास. त्यात एक प्रश्न होता, पॅव्हिलियनची, झाडाची किंवा फिल्डरची सावली खेळपट्टीवर पडते आणि फलंदाज तक्रार करतो, तर काय कराल? पॅव्हिलियन आणि झाडाचं सोडून द्यायचं. फिल्डरला सावली स्थिर ठेवायला सांगायचं, नाहीतर डेड बॉल. याच्यापुढे नंबर टाकून दाखवा गुगलीराव.

गुगली_बडोदा: २० टाकेन. डेड बॉल आलाच ना शेवटी! आणि असा एक प्रश्न आला म्हणून सगळा अभ्यास त्याच्याभोवती फिरवायचा? शंभरातले ऐंशी सरळ प्रश्नांतूनच येतात.

मोतीबाग_जुना: तुमच्या पेपरात येत असतील.

रावपुरा_एंड: दोघांचं घेऊन एक कार्ड करून बघितलं, तपासा. "योग्य चेंडू. दोन धावा पूर्ण, तिसरीसाठी क्रॉस झालेले. फिल्डरची टोपी चेंडूला लागली. डेड बॉल. दोन अधिक एक अधिक पाच, आठ धावा. फलंदाजाला तीन. चेंडू ओव्हरमध्ये नाही. क्रॉस झाल्यामुळे मूळ नॉन-स्ट्रायकर खेळणार." कोपऱ्यात पेन्सिलने २८, १७, १८.

मांडवी_लेगबाय: धावा बरोबर, टोकही बरोबर. पण "टोपी लागली" एवढंच लिहिलंय. लागली की लावली?

मोतीबाग_जुना: बरोबर पकडलंस. हाताने टोपी पुढे केली, किंवा काढून फेकली आणि ती चेंडूला लागली, तरच हे कार्ड. धावताना डोक्यावरून आपोआप पडली आणि चेंडू तिच्यावर आदळला तर काहीच नाही, चेंडू जिवंत, फलंदाजांनी धावत राहावं. दुसरं कार्ड करा, पहिल्याच्या पाठीमागेच लिहा.

गुगली_बडोदा: झालं, एकाची दोन. मी म्हटलंच होतं.