क्लेम ‘Under Review’ आणि खाली ‘Documents Pending’: थांबायचं की काही करायचं?

बी-३०४: नमस्कार. आईच्या अँजिओप्लास्टीचा आरोग्य विम्याचा क्लेम टाकलाय, विमा कंपनीच्या पोर्टलचा स्क्रीनशॉट इथे सोसायटीच्या ग्रुपवर टाकतेय. वर `Under Review` आहे आणि खाली लाल अक्षरांत `Documents Pending`. बिलं, डिस्चार्ज समरी सगळं अपलोड केलं होतं. आता वाट बघायची की माझ्याकडून काही राहिलंय? दोन्ही एकदम कसं दिसतंय तेच कळत नाहीये.

सी-५०१: ताई, आमच्याही क्लेमला असंच दिसत होतं. पंधरा दिवसांनी आपोआप पुढे सरकलं. थांबा थोडं.

ए-१०२: थांबू नकोस गं. आणि आधी तो स्क्रीनशॉट सगळ्यांसाठी डिलीट कर. त्यात पॉलिसी नंबर, क्लेम नंबर आणि आईचा मोबाइल नंबर तिन्ही दिसतायत. एवढ्यावर कुणीही कंपनीचा माणूस म्हणून फोन करून ओटीपी मागू शकतो.

बी-३०४: केला काका. तुम्ही क्लेम विभागात होतात ना, म्हणून तुमचीच वाट बघत होते.

ए-१०२: हो, बरीच वर्षं तेच केलं, म्हणून सविस्तर लिहितो. `Under Review` म्हणजे फाइल अजून बंद झालेली नाही, एवढंच. कुणीतरी आत्ता ती वाचतंय असा त्याचा अर्थ नाही. खरी ओळ खालची. `Documents Pending` आलं की फाइल तपासणाऱ्याच्या टेबलावरून बाजूला जाते आणि तुझ्या उत्तराची वाट बघते. तू थांबलीस तर तेही थांबतात. स्मरणपत्रं येतात, आणि तरी उत्तर गेलं नाही तर ‘कागद मिळाले नाहीत’ म्हणून फाइल बंद होऊ शकते. सी-५०१ यांचं आपोआप सरकलं, कारण बहुधा कागद पोचले होते आणि फक्त नोंद व्हायची होती.

नेमकं काय हवंय ते स्टेटसच्या ओळीत सहसा नसतं. त्यासाठी क्वेरी लेटर निघतं. पोर्टलवर क्लेम नंबरवर क्लिक करून आत जा, पत्रव्यवहार किंवा क्वेरी अशा नावाखाली पीडीएफ असेल. मेलच्या स्पॅममध्येही बघ. पॉलिसी घेताना एजंटने स्वतःचा मेल आयडी दिला असेल, तर पत्र त्याच्याकडे जाऊन पडलेलं असतं.

बी-३०४: सापडलं! स्पॅममध्येच होतं. तीन गोष्टी मागितल्यात: स्टेंटचं इन्व्हॉइस स्टिकरसह, रक्तदाबाचं पहिलं निदान झालं तेव्हाचे कागद, आणि ‘रक्तदाब कधीपासून आहे’ याबद्दल डॉक्टरांचं सर्टिफिकेट.

डी-२०४: पहिलं सोपं आहे ताई. स्टेंटच्या खोक्यावर बारकोडचं स्टिकर असतं, ते हॉस्पिटलवाले केस पेपरवर चिकटवतात. बिलिंग काउंटरवर देत नाहीत, रेकॉर्ड विभागात जावं लागतं. बाबांच्या वेळी मला तिथे लेखी अर्ज द्यावा लागला होता, सोबत पेशंटचं ओळखपत्र.

ए-१०२: बरोबर. बिलावर स्टेंट म्हणून रक्कम लावलीय, तोच स्टेंट बसवलाय का, हे ते स्टिकरवरच्या नंबरावरून पडताळतात. इन्व्हॉइसवरचा नंबर आणि स्टिकरवरचा नंबर तू स्वतः जुळवून बघ, मगच पाठव.

पण क्लेमचा जीव दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यात आहे. डिस्चार्ज समरीत ‘हिस्टरी’ असा भाग असतो. तिथे रक्तदाबापुढे काय लिहिलंय?

बी-३०४: ‘HTN since 5 years’. पण काका, आईला बीपीची गोळी गेल्या वर्षी सुरू झाली! पॉलिसी दीड वर्षापूर्वीची आहे.

ए-१०२: मग क्वेरी याच्यावरच आलीय. पॉलिसी दीड वर्षाची आणि आजार पाच वर्षांचा, म्हणजे घेताना लपवला का, असा त्यांचा प्रश्न. तो उघड लिहीत नाहीत, सर्टिफिकेट मागतात. रात्री इमर्जन्सीत दाखल करताना ड्यूटीवरचा डॉक्टर घाईत विचारतो, घाबरलेलं कुणीतरी अंदाजाने ‘चार-पाच वर्षं’ सांगतं, आणि ते छापून येतं.

आता एक गोष्ट अजिबात करू नकोस. डिस्चार्ज समरी नवीन करून, पाचाच्या जागी एक लिहून मागू नकोस. जुनी प्रत त्यांच्याकडे अपलोड झालेली आहे. दोन वेगवेगळ्या समऱ्या दिसल्या की साधी क्वेरी चौकशीत जाते, माणूस हॉस्पिटलात येऊन इनडोअर केस पेपर वाचतो.

त्याऐवजी ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर स्पष्टीकरण घे: दाखल करताना नोंदवलेला कालावधी नातेवाइकांच्या सांगण्यावरून होता, आणि उपलब्ध कागदांनुसार निदान अमुक तारखेला झालं. खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. पण डॉक्टर हे कशाच्या आधारावर लिहिणार? म्हणून आधी दुसरा मुद्दा उरक. गोळी ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांचं पहिलं प्रिस्क्रिप्शन शोध. त्याच्या आधीच्या एखाद्या तपासणीत बीपी नॉर्मल नोंदलेलं असेल तर तो कागद सोन्यासारखा.

बी-३०४: पहिलं प्रिस्क्रिप्शन आहे, फाइलमध्ये लावलेलं. दोन वर्षांपूर्वी आईच्या मोतीबिंदूच्या आधी फिटनेस तपासणी झाली होती, त्यात बीपी लिहिलेलं असेल का?

ए-१०२: असतंच! काढ ते. पॉलिसीच्या आधीची तारीख आणि बीपी नॉर्मल, याहून चांगला पुरावा नाही.

ए-२०३: आणि समजा कुणाला खरंच पाच वर्षांपासून असेल तर?

ए-१०२: काकू, तर खरंच लिहायचं. प्रपोजल फॉर्ममध्ये तो जाहीर केला होता का ते बघायचं, आणि केला असेल तर त्या फॉर्मची प्रत लावायची. मग आधीपासूनच्या आजारांसाठी पॉलिसीत जो प्रतीक्षा काळ असतो, तो संपला का एवढाच प्रश्न उरतो. जाहीर केला नसेल तर क्लेम अडचणीत आहे, पण खोटं सर्टिफिकेट लावलं तर क्लेमबरोबर पॉलिसीही जाऊ शकते.

सी-५०१: स्टिकर मिळालं की ताईंनी ते लगेच अपलोड करावं का? बाकीचं नंतर?

ए-१०२: नको. एकेक कागद टाकला की काही ठिकाणी फाइल अपुऱ्या कागदांवरच परत तपासायला जाते आणि नवी क्वेरी निघते. तिन्ही एकदम टाक. वर एक पानी पत्र लाव, क्वेरीतल्याच क्रमांकाने: मुद्दा १ चं उत्तर हे, मुद्दा २ चं हे. एखादा कागद मिळतच नसेल तर ती जागा रिकामी ठेवू नको, का मिळत नाही ते लिही. क्वेरी लेटरवर मुदत छापलेली असते. रेकॉर्ड विभागाला वेळ लागणार असेल तर मुदतीच्या आत ‘कागद मागवले आहेत’ असा मेल टाक आणि त्या अर्जाची पोच जोड.

डी-२०४: अजून एक. माझ्या वेळी फाइल्स अपलोड झाल्या, पण शेवटचं `Submit` दाबायचं राहिलं होतं. आठवडाभर `Documents Pending` तसंच.

ए-१०२: हे फार जणांचं होतं. सबमिट झालं की पोच नंबर किंवा मेल येतो. तो आला नाही तर गेलं नाही असंच धर. पोच आल्यावरही लाल ओळ दोन-तीन दिवस तशीच राहू शकते, कारण आतल्या माणसाने कागद नोंदवल्यावरच ती हटते. आठवड्याने हटली नाही तर पोच नंबर सांगून फोन कर, ‘क्लेमचं काय झालं’ असं मोघम विचारू नकोस. विचार की क्वेरीचं उत्तर नोंदलं गेलं का, आणि तक्रार क्रमांक घे. ओरिजिनल मागितले असतील तर कुरिअरने जातील, पण आधी प्रत्येक पान स्कॅन कर, मागची बाजूसुद्धा.

बी-३०४: उद्या सकाळी रेकॉर्ड विभागात अर्ज देते, दुपारी आईच्या फॅमिली डॉक्टरांकडे. सर्टिफिकेटचा मसुदा तुम्हाला दाखवू का काका?

ए-१०२: दाखव, पण पर्सनलवर पाठव. आणि क्वेरी लेटरची प्रतही पाठव, तारीख बघून मुदत कधी संपते ते सांगतो.