दिवाळीपर्यंत पाया भरायचाय, एनएचं काय करायचं? (घरचा ग्रुप)

धाकटा: रस्त्याकडच्या गटावर घर बांधायचं ठरलंय ना, मग दिवाळीच्या आधी पाया भरू. आर्किटेक्ट म्हणतो, तो भाग प्रादेशिक योजनेत रहिवास झोनमध्ये आहे, एनएची, म्हणजे बिगरशेती परवानगीची कटकट आता उरली नाही.

ताई: थांब. अर्धं खरं आहे. महसूल कायद्याच्या कलम 42ब, 42क आणि 42ड मुळे कलेक्टरकडे वेगळी एनए परवानगी मागावी लागत नाही, हे बरोबर. पण सरकारी आकारणी भरावीच लागते. तहसीलदार हिशेब काढून चलन देतात, ते भरल्याची पावती हाच पुरावा धरतात. त्यानंतर सातबाऱ्याची नोंद. त्याआधी पाया खणलास तर विनापरवाना वापर ठरतो आणि दंड बसतो.

काका: 42ड म्हणजे गावठाणाजवळची जमीन ना गं?

ताई: हो काका, गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली. आपला गट त्याहून लांब आहे, म्हणून झोनवरच अवलंबून. आर्किटेक्टच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. नियोजन प्राधिकरणाचा झोन दाखला आणि भाग नकाशा आधी हातात घ्या. आपल्या गटातून योजनेतला रस्ता जात असेल तर तोही त्यातच कळतो.

धाकटा: मग एवढंच ना? चलन भरलं की झालं.

ताई: नाही रे. चलनाला वेळ फारसा लागत नाही. वेळ जातो तो आपल्याच कागदांत. सासरची जमीन करताना आम्ही हेच भोगलं, म्हणून सांगते. सातबारा एका नावावर, वर्ग 1, सगळं स्वच्छ वाटत होतं. तहसीलमध्ये अर्ज दिला आणि तो परत आला. "इतर हक्क" रकान्यात विकास सोसायटीचा बोजा होता. सासऱ्यांनी ते कर्ज केव्हाच फेडलं होतं, पण नोंद कोणी कमी केलीच नव्हती. मग सोसायटीकडून बेबाकीचा दाखला, तलाठ्याकडे अर्ज, फेरफार, हरकतीची 15 दिवसांची नोटीस, आणि शेवटी मंडल अधिकाऱ्यांची सही. त्यात दोन महिने गेले.

काका: आपल्यालाही सोसायटीचं कर्ज होतं. बापूंनी विहिरीसाठी घेतलेलं.

ताई: तेच सांगायचं होतं काका. आजच डिजिटल सातबारा काढून इतर हक्क वाचा. बोजा असो, कुळाचं नाव असो, न्यायालयाची नोंद असो, सगळं तिथंच असतं.

वहिनी: आणि मोजणी?

ताई: मोजणीनं तर आमचे सगळ्यात जास्त दिवस खाल्ले. भूमी अभिलेखकडे तातडीचे पैसे भरले, तरी तारीख अडीच महिन्यांनी मिळाली. मोजणीदार आले, खुणा दाखवल्या, आणि "क" प्रत हाती आली तेव्हा 24 आरच्या जागी साडेबावीसच निघाले. शेजाऱ्याचा बांध पुढे सरकला होता. दीड आर म्हणजे दीडशे चौरस मीटर. नकाशा मंजूर करताना सातबारा आणि मोजणी यांत कमी असेल ते क्षेत्र धरतात, म्हणजे बांधकामाचा हिशेबही तेवढाच घटला. आमच्या आर्किटेक्टने 24 आर धरून आराखडा केला होता, तो सगळा नव्याने काढावा लागला.

धाकटा: मी तर परवाच आराखड्याचे पैसे दिले.

ताई: मग पुढचं काम थांबव. आधी मोजणीचा अर्ज टाक, तारखेला वेळ लागतो. तोवर सातबाऱ्याची दुरुस्ती बरोबरीनं चालेल. दोन्ही एका मागोमाग केलं तर वर्ष जातं.

वहिनी: आणि बोअर? ते आधी घेतलं तर चालेल ना?

ताई: बोअर शेतीसाठीही असतं, त्याला एनएची अडचण नाही. पण जोत्याचा एक दगडही नको.

काका: आपला गट वर्ग 1 आहे हे नक्की का? बापूंच्या वेळी इनामाचं काहीतरी ऐकल्यासारखं वाटतं.

ताई: काका, हे नीट बघा, सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग 2" असेल तर आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा, मगच बाकीचं. ही कलमं आहेत म्हणून ती परवानगी टळत नाही. जुने फेरफार उतारे काढा, इनाम केव्हा खालसा झालं आणि शर्त काय होती ते त्यात लिहिलेलं असतं.

काका: बापूंची लोखंडी पेटी माझ्याकडे आहे. सोसायटीच्या पावत्या तिच्यातच असतील. संध्याकाळी उघडतो, जे सापडेल त्याचे फोटो टाकतो.

धाकटा: मी उद्या मोजणीचा अर्ज भरतो. मिस्त्रीला सांगतो, दिवाळी नाही.