उ: दुकानातल्या मालाचा आगीचा विमा २० लाखांचा, नुकसान ८ लाखांचं, मग पैसे कापले का?

"नुकसान विम्याच्या रकमेच्या आत आहे, मग पूर्ण पैसे का नाहीत?" कारण नुकसान तपासायला विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर आधी जळालेला माल मोजत नाही, त्या दिवशी दुकानात एकूण किती माल होता ते काढतो. आरंभीचा साठा अधिक खरेदी, वजा विक्रीची मूळ किंमत. इथे मंगळबाजारात दिवाळीआधी कापडवाल्याकडे ४० लाखांचा माल सहज असतो, आणि पॉलिसी असते उन्हाळ्यातल्या २० लाखांची. म्हणजे निम्माच विमा, निम्माच दावा: ८ लाखांचे ४, त्यातूनही एक्सेस, म्हणजे आपण स्वतः सोसायची रक्कम, वजा. छोट्या व्यवसायांसाठीच्या, ५ कोटींपर्यंतच्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीमध्ये १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, पण त्यापलीकडे गेलात की कपात लागते.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कुणी लिहिली नाही. कॅश क्रेडिटसाठी बँकेला दरमहा दिलेलं स्टॉक स्टेटमेंट सर्व्हेअर मागवतो. तिथे ४० दाखवायचे आणि विमा कंपनीला २०, हे आपल्याकडे सर्रास चालतं (हप्ता वाचतो ना!), आणि दाव्याच्या वेळी तोच कागद नडतो. सणापूर्वी एंडॉर्समेंटने, म्हणजे चालू पॉलिसीतच बदल करून, रक्कम वाढवून घ्या, हप्ता उरलेल्या मुदतीपुरताच लागतो. रक्कम खरेदीच्या भावाने धरा, विक्रीच्या नव्हे. कपाटं, काउंटर, एसी वेगळे लिहा. मालाची रक्कम तिकडे वळत नाही. घरफोडीचं कलम अलग घ्यावं लागतं, तिथेही अपुऱ्या रकमेला हाच हिशेब लागतो.