‘नेपथ्यातून’ की ‘चौकटीबाहेरून’?

अनघा: सात मिनिटांच्या सस्पेन्स लघुपटाची संहिता लिहितेय. मुलगी घरात एकटी, अभ्यास करतेय. न्हाणीघरातला नळ ठिबकतोय, पण तो दिसत नाही. मी ‘नेपथ्यातून थेंबांचा आवाज’ असं लिहिलं, तर ध्वनिमुद्रक ते पार्श्वसंगीत समजला. मग लिहायचं काय?

विनायक: नेपथ्यच बरोबर. संस्कृत नाटकांत ‘नेपथ्ये’ म्हणजे पडद्याआडून. शब्द असताना नवा कशाला?

रेवती: विनायकराव, आज नाटकवाल्यांना नेपथ्य म्हटलं की भिंती आणि दारंच आठवतात. ‘चौकटीबाहेरून’, म्हणजे कॅमेऱ्याच्या फ्रेमबाहेरून, असं लिहा, आणि पुढे कुठून तेही लिहा: ‘उजवीकडून, लोटलेल्या दारामागून’. दाराआडचा आवाज बोथट येतो. माइक नळाजवळ धरून घेतलेला थेंब तसाच लावला, तर नळ मुलीच्या टेबलावरच आहे असं वाटतं.

सुहास: सस्पेन्स म्हणजे रहस्य. प्रेक्षकाला काही कळूच देऊ नका, काम झालं.

रेवती: ते रहस्य झालं, धाकधूक वेगळी. प्रेक्षकालाही माहीत नाही आणि मुलीलाही नाही, तेव्हा नुसतं कुतूहल वाटतं. आधीच्या एका शॉटमध्ये फरशीवर ओलं पाऊल दिसू द्या, मुलीची पाठ तिकडे असू द्या. आता प्रेक्षकाला तिच्यापेक्षा जास्त कळलंय. लपवायचं ते एवढंच, की पाऊल कोणाचं.

अनघा: मग थेंबांचा वेग वाढवत नेऊ?

रेवती: नको, थांबवा. आधी तीस-चाळीस सेकंद थेंब एका लयीत पडू द्या, म्हणजे कान सरावतो. त्या वेळात संगीत नको. मुलगी चौकटीच्या डाव्या कडेला, उजवीकडे तिच्यामागे ते दार, कॅमेरा स्थिर. थेंब थांबले की दाराचा क्लोजअप घेऊ नका. प्रेक्षक स्वतःच तिकडे बघतो. कट केलात तर काय पाहायचं ते तुम्हीच ठरवलंत आणि ताण गेला.

एक चूक फार होते. थेंबांबरोबर सगळाच आवाज शून्य होतो आणि लोकांना स्पीकर बंद पडला असं वाटतं. शूटिंगच्या वेळी सगळ्यांना गप्प बसवून त्याच खोलीचा मिनिटभर आवाज घ्या आणि तो खाली चालू ठेवा.

विनायक: खोलीच्या या आवाजाला ‘निःशब्द’ म्हणता येईल.

सुहास: निःशब्द वाचून कोणी काही रेकॉर्डच करणार नाही. ‘रूम टोन’ लिहा, सेटवर तेच बोलतात. तसं तर ऑफ-स्क्रीन आवाजाला ‘ओएस’ही चालतंच की.

रेवती: ओएस सेटवर चालतो, पण निवेदनालाही काही जण तेच लिहितात आणि घोळ होतो.

महेश: माझ्या फिल्ममध्ये सुरी आणि रक्त आहे. त्याला मराठीत काय लिहू?

रेवती: सुरी आधी ओट्यावर दाखवा, नंतर तिची जागा रिकामी दाखवा. रक्ताचा शॉट लागणार नाही.

महेश: पण शब्द?

विनायक: ‘नेपथ्यातून किंकाळी’!