मदत हवी आहे: व्हँकोमायसिनची पातळी ३४ आली म्हणून डोस थांबवला, हे योग्य आहे का?

औशाचा_पाटील: माझ्या वडिलांना लातूरच्या एका रुग्णालयात दाखल केले आहे. पायाच्या जखमेत पू झाला असून व्हँकोमायसिन आणि अमिकासिन ही दोन इंजेक्शने चालू आहेत. ताप कालच उतरला आणि आज संध्याकाळचा व्हँकोमायसिनचा डोस 'रक्तातली पातळी ३४ आली आहे' एवढे सांगून थांबवण्यात आला. ज्या औषधाने गुण येतो आहे तेच थांबवायचे असेल, तर वारंवार रक्त कशासाठी काढतात? नमुना बाहेरगावी पाठवावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळाच. कृपया लवकर उत्तर द्यावे.

गोदाकाठ: पाटील, नुसत्या ३४ या आकड्यावरून कोणालाही काही सांगता येणार नाही. मी औषधशास्त्राशी संबंधित काम करतो, म्हणून विचारतो: डोस किती आहे, सलाइन किती वाजता सुरू झाले, किती वाजता संपले आणि रक्त किती वाजता काढले? मूत्रपिंड मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन आधी किती होते आणि आता किती आहे? वडिलांना वेदनाशामक इंजेक्शन चालू आहे का?

बीडची_लेक: माझ्या भावाला हेच औषध दिले, तेव्हा त्याची मान आणि छाती लालबुंद होऊन खाज सुटली होती. सलाइन भरभर सोडल्यामुळे पातळी वाढते. सलाइन हळू सोडायला सांगा, म्हणजे पातळी आपोआप खाली येईल.

गोदाकाठ: ताई, सलाइन हळू सोडावे हे तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे, एक ग्रॅमला किमान एक तास तरी द्यावा लागतो. मात्र ते लाल होणे वेगाचा परिणाम असतो, त्यावरून औषध रक्तात साचते आहे की नाही हे कळत नाही. साचणे मूत्रपिंडावर अवलंबून असते, कारण व्हँकोमायसिन जवळजवळ सगळे लघवीवाटेच बाहेर पडते.

औशाचा_पाटील: वय ६४, वजन ५८ किलो, मधुमेह १५ वर्षांपासून. व्हँकोमायसिन एक ग्रॅम सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, अमिकासिन ७५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, आज सहावा दिवस. सकाळी सलाइन सहाला लावले आणि सातला संपले. रक्त काढणारा मुलगा आठ वाजता आला. रोज तो साडेपाचला येतो, आज त्याची पाळी बदलली होती. क्रिएटिनिन आधी ०.९ होते, आज १.४ आहे. पाय फार ठणकतो म्हणून तीन दिवस डायक्लोफेनॅक दिले आहे. हे सगळे सांगायचे असते, हे मला माहीत नव्हते.

नांदेड_लॅबवाला: घोळ येथेच आहे! ही पातळी पुढच्या डोसच्या जेमतेम अर्धा तास आधी, म्हणजे औषध रक्तात सर्वांत कमी असताना पाहायची असते. सलाइन संपल्यावर तासाभराने काढलेल्या रक्तात ३४ येणे हे काही विशेष नाही. फॉर्मवर 'डोसपूर्व' असे लिहिलेले असणार आणि डॉक्टरांनी आकडा त्याच समजुतीने वाचला असणार. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक नमुन्यांवर वेळच लिहिलेली नसते. डोस विनाकारण थांबवला गेला आहे.

गोदाकाठ: निम्मे पटले, निम्मे पटले नाही. आकडा चुकीच्या नावाखाली वाचला गेला, हे खरे. परंतु क्रिएटिनिन ०.९ वरून १.४ वर जाणे म्हणजे निम्म्याहून अधिक वाढ आहे, आणि तेवढ्या एका कारणासाठीही डोस थांबवून पुन्हा पातळी पाहणे योग्य ठरते. पाटील, उद्या सकाळी सहाला पुन्हा रक्त घ्यायला सांगा आणि आजची आठची वेळ डॉक्टरांच्या कानावर घाला. डायक्लोफेनॅकऐवजी मूत्रपिंडाला न दुखावणारे काही देता येईल का, हेही विचारा.

जिंतूरकर_आजोबा: माझ्या धाकट्या भावाला क्षयाची इंजेक्शने दिली होती, तेव्हापासून त्याला ऐकू येत नाही. ही सगळी इंजेक्शने बंद करून पुनर्नव्याचा काढा सुरू करा.

बीडची_लेक: आजोबा, पायात पू असलेल्या मधुमेही माणसाची इंजेक्शने बंद करायला सांगता? अशाने पाय गमवावा लागेल.

औशाचा_पाटील: आज सकाळी सहाची पातळी १६ आली. आता डोस सुरू करतील ना?

गोदाकाठ: आता तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. काल आठला ३४ आणि आज सहाला १६, म्हणजे २२ तासांत औषध निम्म्याहून थोडे खाली आले. निम्मे व्हायला साधारण २० तास लागले. मूत्रपिंड धडधाकट असलेल्या माणसात याला सहा तासांच्या आसपास वेळ लागतो. याच हिशेबाने काल संध्याकाळी सहाला पातळी २४ च्या घरात असणार, आणि तेवढ्यावर आणखी एक ग्रॅम चढवला असता तर मूत्रपिंडावरचा भार वाढून औषध आणखी साचले असते. दुसरे असे की, डोस थांबला तरी औषध थांबलेले नव्हते. आज सकाळीही रक्तात जंतूंना आवरण्याइतके औषध होते. म्हणून पुढचा डोस देताना तो कमी करायचा की अंतर वाढवायचे, हे डॉक्टर ठरवतील. चुकीच्या वेळी काढलेले रक्तही खरी वेळ लिहिली तर असे उपयोगी पडते.

नांदेड_लॅबवाला: परंतु आमच्याकडचे डॉक्टर डोसपूर्व पातळी १५ ते २० ठेवा असे म्हणतात. मग १६ तर उत्तमच आहे.

गोदाकाठ: ती पद्धत २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमधली. २०२० च्या सूचनांनी गंभीर संसर्गात त्या एका आकड्यामागे धावणे सोडले आणि दिवसभरात रक्ताला एकूण किती औषध मिळाले याचा हिशेब धरला, कारण १५ च्या वर गेल्यावर मूत्रपिंडाचे नुकसान अधिक दिसत होते. शिवाय हा १६ बारा तासांनंतरचा नाही, पूर्ण चोवीस तासांनंतरचा आहे.

नांदेड_लॅबवाला: त्या हिशेबाला सहसा दोन नमुने लागतात, साहेब. जिथे एक नमुना पाठवताना नाकी नऊ येतात, तिथे दोन कोण पाठवणार?

गोदाकाठ: ती अडचण मला मान्य आहे, आणि तिच्यावर माझ्याकडेही तोडगा नाही. मात्र पाटील, अमिकासिनची पातळी कोणी पाहिली का? ते मोठ्या एका डोसात देतात, कारण त्याचा मारा उंच शिखरावर अवलंबून असतो आणि नंतर पातळी जवळजवळ शून्यावर उतरली की मूत्रपिंडाच्या पेशींना विसावा मिळतो. मूत्रपिंड मंदावले की तो विसावाच उरत नाही. पुवाच्या तपासणीत कोणते जंतू आले? केवळ एमआरएसए, म्हणजे ज्याच्यावर व्हँकोमायसिन देतात तोच जंतू असेल, तर अमिकासिन अजून कशासाठी हवे आहे, हे अवश्य विचारा. आणि अमिकासिनने कानालाही इजा होऊ शकते, म्हणून विचारतो: वडिलांच्या कानात काही आवाज येतो का?

औशाचा_पाटील: तपासणीत एमआरएसए एवढेच लिहिले आहे. आणि हो, दोन दिवसांपासून बाबा म्हणतात की, खोलीत रातकिडा शिरला आहे. आम्ही सगळा पलंग उलटा करून शोधला. वयामुळे भास होत असेल, असे समजून मी ते लिहिले नाही.

गोदाकाठ: ही गोष्ट आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांगा, सकाळची वाट पाहू नका. मूत्रपिंडाच्या पेशी पुन्हा तयार होतात आणि क्रिएटिनिन बहुधा खाली येते. आतल्या कानातल्या केसपेशी मात्र एकदा मेल्या की परत येत नाहीत. सुरुवात अति उंच स्वरांपासून होते, त्यामुळे बोलणे नीट ऐकू येत असले तरी नुकसान चालू असू शकते. पातळी योग्य राखूनही काहींच्या कानाला इजा होते, म्हणून आजोबांचा काढा बाजूला ठेवा, पण त्यांच्या भावाची गोष्ट बाजूला ठेवू नका.

औशाचा_पाटील: रात्रपाळीच्या डॉक्टरांना सांगितले. त्यांनी अमिकासिन बंद केले आणि डायक्लोफेनॅकही काढले. उद्या कानाची तपासणी करायची आहे. रातकिडा अजून ओरडतो आहे, असे बाबा म्हणतात.

बीडची_लेक: तपासणीच्या वेळी उंच स्वरांचीही चाचणी करा, असे आवर्जून सांगा. नेहमीच्या तपासणीत ती बहुतेक करत नाहीत.